परदेशी पाहुण्याचं निमंत्रणपत्र: एक पान, तीनशे केबी

प्रश्न: सर, आमच्या सांगलीच्या कॉलेजात ११ ते १३ फेब्रुवारी २०२७ ला हळदीवर आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायचं ठरतंय. इंडोनेशियाच्या एक संशोधक, बांगलादेशचे एक प्राध्यापक आणि अमेरिकेतले एक पाहुणे यायला तयार आहेत. तिघांनीही कार्यक्रमाच्या तारखा, राहण्याची सोय आणि व्हिसासाठी आम्ही काय मदत करू हे सांगणारं पत्र मागितलंय. नेटवरचा नमुना घेतला तर चालेल का? पत्रात नेमकं काय लिहायचं आणि काय टाळायचं?

उत्तर:

नमुना घ्या, पण त्यातलं ‘युवर एस्टीम्ड प्रेझेन्स’वालं वाक्य आधी काढून टाका. हे पत्र पाहुण्यांच्या नावे असलं तरी वाचणारे दुसरेच असतात: व्हिसाचा अर्ज तपासणारा अधिकारी आणि मुंबईच्या विमानतळावर शिक्का मारणारा माणूस. त्या दोघांना तुमच्या कॉलेजची थोर परंपरा नको असते. कोण येतंय, कशासाठी, कधीपासून कधीपर्यंत, कुठे राहणार, खर्च कोणाचा आणि खात्री करायला फोन कोणाला करायचा, एवढंच त्यांना हवं असतं. हे सगळं एका पानात बसतं.

मी बावीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात काढली आणि त्यात अशा पाच-सहा परिषदांचा पत्रव्यवहार माझ्या टेबलावरून गेला. पत्राच्या मजकुरात चुका होतातच, पण त्याहून मोठी चूक असते ती पत्र फार लवकर पाठवण्याची. उत्साहाच्या भरात पत्र निघतं आणि मागाहून कळतं की परवानग्यांचा अजून पत्ताच नाही.

कॉन्फरन्स व्हिसासाठी पाहुण्याकडून तुमच्या निमंत्रणाबरोबर परिषदेच्या सरकारी मंजुरीचे कागदही मागितले जातात. एक असते परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी आणि दुसरी गृह मंत्रालयाची कार्यक्रमाला दिलेली मंजुरी. दोन्हीसाठी अर्ज आयोजकाने, म्हणजे तुम्ही करायचा. पाहुणा जकार्तात बसून त्यात काही करू शकत नाही. विषय, तारखा, जागा, कोणत्या देशातून किती जण येणार हे सगळं त्यात भरावं लागतं आणि विषयाशी संबंधित मंत्रालयाचं आणि राज्याचंही मत मागितलं जाऊ शकतं. मी यासाठी निदान तीन महिने धरतो. तुमची परिषद फेब्रुवारीत आहे, तर गणपती उठले की अर्ज गेलेला असावा. दिवाळीनंतर बघू म्हणालात तर पाहुणे झूमवर येतील.

मग तोवर पाहुण्यांना काय सांगायचं? त्यांना दोन पत्रं पाठवा. पहिलं साधी ईमेल: तुमचा शोधनिबंध स्वीकारला, तारखा अशा आहेत, व्हिसासाठीचं पत्र मंजुरी आल्यावर पाठवू, तोवर तिकीट काढू नका. त्याच ईमेलमध्ये पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानाची प्रत मागा. ती प्रत एकाच माणसाच्या मेलवर येऊ द्या, समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. दुसरं पत्र हे खरं पत्र, लेटरहेडवर, जावक क्रमांकासह.

पासपोर्टची प्रत नावासाठी हवी. इंडोनेशियात पुष्कळ लोकांचं नाव एकाच शब्दाचं असतं, आडनाव हा प्रकारच नसतो. आमच्याकडे एकदा अशाच एक बाई यायच्या होत्या. नोंदणीच्या आमच्या फॉर्मवर आडनावाचा रकाना भरल्याशिवाय पुढेच जाता येत नव्हतं, म्हणून त्यांनी बिचारीने तेच नाव दोनदा लिहिलं. आमच्या क्लार्कने ते जसंच्या तसं पत्रात उतरवलं आणि पुढे ‘डॉ.’ जोडलं. पासपोर्टवर एक शब्द, पत्रात तोच शब्द दोनदा. व्हिसाचा अर्ज पासपोर्टप्रमाणे आणि निमंत्रण भलत्याच माणसाला, असं ते दिसत होतं. पत्र दोनदा बदलावं लागलं आणि त्यात आठ दिवस गेले. तेव्हापासून माझा नियम असा आहे की नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, त्याच क्रमाने लिहायचं, शेजारी पासपोर्ट क्रमांक आणि राष्ट्रीयत्व. ‘डॉ.’ आणि ‘प्रा.’ मायन्यात चालतात, नावाच्या ओळीत नकोत.

आता मजकूर. पत्र इंग्रजीत जाणार हे धरून चला, पण आधी मराठीत मांडून बघा. मराठीत पोकळ वाटलेलं वाक्य इंग्रजीतही पोकळच असतं. पहिला परिच्छेद मी असा लिहीन:

“आमच्या महाविद्यालयातर्फे ११, १२ आणि १३ फेब्रुवारी २०२७ (गुरुवार ते शनिवार) या तारखांना सांगली, महाराष्ट्र येथे हळदीची लागवड, साठवण आणि प्रक्रिया या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद होत आहे. आपला शोधनिबंध निवडला गेला असून तो आपण १२ फेब्रुवारी रोजी सादर करावा, अशी विनंती आहे. परिषदेस मिळालेल्या मंजुरींचे क्रमांक व दिनांक खाली दिले असून प्रती सोबत जोडल्या आहेत.”

महिना अक्षरातच लिहा. ११/०२ लिहिलंत तर अमेरिकेतले पाहुणे ते दोन नोव्हेंबर वाचतील. वारही लिहा, म्हणजे तारीख चुकली तर लगेच कळतं. आणि मंजुरीच्या कागदावर परिषदेचं जे नाव आहे तेच, शब्दाचाही फरक न करता, पत्रात येऊ द्या. मंजुरीत ‘परिषद’ आणि पत्रात ‘परिसंवाद व कार्यशाळा’ असं झालं की अधिकाऱ्याला ते दोन वेगळे कार्यक्रम वाटतात.

तारखांबद्दल आणखी एक. फेब्रुवारी निवडलात हे बरं केलंत. मार्केट यार्डात नव्या हळदीचे सौदे त्या सुमारास चालू असतात, पाहुण्यांना बघायला मिळतील. काही जण परिषद ऑगस्टमध्ये घ्यायला निघतात, तेव्हा मी त्यांना आयर्विन पुलाची आठवण करून देतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि धोक्याची पातळी आहे ४५ फूट. पाहुणा एकदाच प्रवेशाच्या व्हिसावर येऊन पुण्यात अडकून बसला तर आपण काय करणार?

‘एकदाच प्रवेश’ हे मी मुद्दाम म्हणतोय. ई-कॉन्फरन्स व्हिसा तीस दिवसांचा आणि एकाच प्रवेशाचा असतो. तुमच्या इंडोनेशियाच्या बाईंनी मध्ये चार दिवस कोलंबोला जाऊन परत यायचं ठरवलं तर परत येता येणार नाही. हे पत्रात एका वाक्यात सांगा, कारण आलेल्या व्हिसावरची बारीक अक्षरं कोणी वाचत नाही.

दुसरा परिच्छेद राहण्याचा. ‘राहण्याची उत्तम सोय केली जाईल’ हे वाक्य कामाचं नाही. व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात भारतातल्या ओळखीच्या माणसाचं नाव, पत्ता आणि फोन भरावा लागतो आणि पाहुणा ते तुमच्या पत्रातूनच उचलतो. म्हणून असं लिहा:

“१० फेब्रुवारी दुपारपासून १४ फेब्रुवारी सकाळपर्यंत, अशा चार रात्रींसाठी महाविद्यालयाच्या अतिथीगृहात (पूर्ण पत्ता, सांगली ४१६४१६) आपली राहण्याची व जेवणाची सोय महाविद्यालयाच्या खर्चाने केली आहे. १० तारखेच्या आधी किंवा १४ नंतर थांबायचे असल्यास खोलीचे भाडे आपणास द्यावे लागेल. येण्याजाण्याचे विमानभाडे, विमा व व्हिसाचे शुल्क आपले आपण भरावयाचे आहे.”

पैशाचं स्पष्ट लिहायला आपल्याकडे जीभ अडखळते. पाहुण्याला भाडं सांगायचं म्हणजे कसंसंच वाटतं. पण अधिकारी नेमकं हेच शोधत असतो: या माणसाचा इथला खर्च कोण करणार? अर्धवट लिहिलंत तर तो पाहुण्याकडे बँकेचे कागद मागेल.

अतिथीगृह देण्याआधी एक गोष्ट पाहून घ्या. परदेशी माणूस मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. सगळे त्याला ‘फॉर्म सी’ म्हणतात. परदेशी नागरिकांचा नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला, तरी तोंडी नाव तेच राहिलंय आणि चोवीस तासांची अटही तीच आहे. हॉटेल असो, कॉलेजचं अतिथीगृह असो की तुमच्या एचओडींचं घर, ज्याच्याकडे पाहुणा उतरला त्याने ही माहिती द्यायची. त्यासाठी indianfrro.gov.in वर आधी नोंदणी करून लॉगिन घ्यावं लागतं आणि जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयातली परदेशी नागरिकांची शाखा बघते. तिथे महिनाभर आधी कॉलेजचं पत्र घेऊन जाऊन या. माणसं मदत करतात, पण आदल्या दिवशी गेलात तर नाही.

हे न केल्याने काय होतं ते मी पाहिलंय. आमचं अतिथीगृह भरलं म्हणून एका वर्षी दोघांना आम्ही गावातल्या एका लॉजवर उतरवायचं ठरवलं. रात्री साडेदहाला गाडी लॉजच्या दारात. काउंटरवरच्या पोराने पासपोर्ट उलटसुलट बघितला आणि म्हणाला, “सायेब, फॉरेनरला आमी रूम देत न्हाई, मालक वरडत्यात.” त्यांच्याकडे लॉगिनच नव्हतं, पोराचं काही चुकलं नाही. रात्री अकरा वाजता मिरजेत दुसरं हॉटेल शोधलं. आता खोल्या ठरवताना दरापेक्षा आधी ‘फॉर्म सी भरता का?’ हे विचारतो. हॉटेलवाला ‘म्हंजे काय?’ म्हणाला की पुढचं.

तिसरा परिच्छेद व्हिसाचा. लोक सर्वात जास्त घोळ इथेच घालतात, कारण ‘व्हिसा सपोर्ट’ या शब्दाचा अर्थ दोन्ही बाजूंनी वेगवेगळा घेतला जातो. पाहुण्याला वाटतं, आयोजक व्हिसा मिळवून देणार. तुम्हाला वाटतं, पत्र दिलं की झालं. तुम्ही तीन गोष्टी देऊ शकता: हे पत्र, मंजुरीच्या प्रती, आणि दूतावासातून विचारणा झाली तर उत्तर देणारा माणूस. तेवढंच लिहा:

“व्हिसासाठी हे पत्र व सोबतच्या प्रती आपण अर्जास जोडाव्यात. भारतीय दूतावासाकडून विचारणा झाल्यास खाली सही करणारे समन्वयक माहिती देतील. व्हिसा देण्याचा निर्णय सर्वस्वी भारत सरकारचा असून महाविद्यालय त्याची हमी देऊ शकत नाही. व्हिसा नाकारला गेल्यास नोंदणी शुल्क परत केले जाईल.”

शेवटचं वाक्य घालायचं की नाही हे तुमच्या समितीने ठरवावं, पण ठरवा. नाहीतर व्हिसा नाकारल्यावर पैशावरून कडू मेल सुरू होतात. व्हिसाचं सरकारी शुल्क मात्र परत मिळत नाही, हे पाहुण्याला आधीच कळलेलं बरं.

“जमलंच नाही तर टुरिस्ट व्हिसावर या” हे पत्रात लिहू नका आणि फोनवरही सांगू नका. समितीत कोणीतरी शहाणा हे सुचवतोच. हातात कॉलेजचं निमंत्रण, बॅगेत पोस्टर, व्हिसावर पर्यटन, अशा माणसाला विमानतळावर जे प्रश्न विचारले जातील त्यांना उत्तर द्यायला तुम्ही तिथे नसणार.

फोन नंबरचं सांगायचं राहिलं. पत्रावर कॉलेजचा लँडलाइन छापलेला असतो, तेवढ्यावर भागवू नका. एका वर्षी दूतावासातून खात्रीसाठी फोन आला तो दुपारी जेवणाच्या सुट्टीत. शिपायाने उचलला, ऐकून घेतलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, “आमच्याकडं असलं काय न्हाई, परीक्षा चालू हायत.” अर्ज तीन आठवडे लोंबकळला, कारण आम्हालाच कळायला वेळ लागला. समन्वयकाचा मोबाइल द्या, कॉलेजच्या डोमेनवरचा ईमेल द्या, आणि ऑफिसातल्या सगळ्यांना पाहुण्यांची नावं लिहून भिंतीवर लावून ठेवा.

तुमच्या तिघांचं आता वेगवेगळं बघू, कारण तिघांना एकच पत्र पाठवून चालणार नाही.

इंडोनेशियाच्या बाईंना ई-व्हिसा मिळू शकतो. अर्ज indianvisaonline.gov.in या सरकारी साइटवरच करायला सांगा. तिच्यासारख्या दिसणाऱ्या खाजगी साइट भरपूर आहेत आणि त्या चौपट पैसे घेतात. येण्याच्या किमान चार दिवस आधी अर्ज झाला पाहिजे हा नियम आहे, पण चार दिवसांवर भिस्त ठेवू नका, तीन-चार आठवडे आधी करायला सांगा. पासपोर्ट येण्याच्या तारखेपासून सहा महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. ई-व्हिसावर ठरावीक विमानतळांवरूनच आत येता येतं. मुंबई आणि पुणे दोन्ही त्यात आहेत. कोल्हापूरला उतरायचं तर आधी मुंबईत शिक्का मारून घ्यावा लागेल.

आणि आता शीर्षकातले तीनशे केबी. त्या साइटवर जोडायची पीडीएफ तीनशे केबीच्या आत लागते. आपलं लेटरहेड म्हणजे वर संस्थापकांचा फोटो, डावीकडे नॅकचा शिक्का, खाली इमारतीचं चित्र. स्कॅन केलं की चार एमबी. मग पाहुणा कुठल्यातरी फुकटच्या साइटवर ते दाबून दाबून लहान करतो आणि सही-शिक्क्याच्या जागी निळा डाग उरतो. तुम्हीच साध्या काळ्या-पांढऱ्या लेटरहेडवर एक पान करा, दीडशे डीपीआयला स्कॅन करा, फाइल दोनशे केबीच्या आसपास बसते. पाठवण्याआधी मोबाइलवर उघडून शिक्क्यातली अक्षरं वाचता येतात का ते बघा. फाइलच्या नावात मराठी अक्षरं किंवा विचित्र चिन्हं नकोत.

बांगलादेशच्या प्राध्यापकांना ई-व्हिसाची सोय नाही. त्यांना तिथल्या व्हिसा केंद्रात कागद घेऊन जावं लागेल आणि व्हिसा पासपोर्टवर चिकटून येईल. त्याला वेळ जास्त लागतो, म्हणून मंजुरी आली की सर्वात पहिलं पत्र त्यांचं काढा. मूळ सहीचं पत्र कुरियरनेही पाठवा, कारण काही ठिकाणी मूळ प्रत दाखवायला लावतात. पाकिस्तान, अफगाणिस्तान अशा काही देशांतून कोणी येणार असेल तर त्या व्यक्तीसाठी गृह मंत्रालयाची वेगळी पूर्वमंजुरी लागते. तुमच्या यादीत तसं कोणी नाही, हे ठीक आहे.

अमेरिकेतल्या पाहुण्यांना आधी एक प्रश्न विचारा: पासपोर्ट कुठला? आपल्या परिषदांतले निम्मे ‘ओव्हरसीज डेलिगेट’ मूळचे तासगाव नाहीतर विट्याचे निघतात. भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसाचा प्रश्नच नाही. अमेरिकन पासपोर्ट आणि मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असेल तरीही व्हिसा लागत नाही. अशांना व्हिसाचा परिच्छेद वगळून पत्र द्या, ते त्यांच्या विद्यापीठाकडून रजा आणि प्रवासखर्च मिळवायला उपयोगी पडतं. पासपोर्ट अमेरिकन आणि ओसीआय नाही, असं असेल तर इंडोनेशियाच्या बाईंसारखंच.

हळदीची परिषद म्हणून एक जास्तीची ओळ सुचवतो. पत्राच्या शेवटी लिहा की लागवडीचे गड्डे किंवा बियाणं सोबत आणू नये. आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र असल्याशिवाय ते विमानतळावरच जप्त होतं. उलट बाजूही लक्षात ठेवा. तुम्ही पाहुण्यांना हरिपूरची पेवं बघायला नेणार, तिथे कोणीतरी प्रेमाने राजापुरीचे चार गड्डे त्यांच्या पिशवीत घालेल. परदेशी संशोधकाने इथलं जैविक साहित्य संशोधनासाठी न्यायचं तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी मंजुरी लागते. हळद पावडरीचं बाजारातलं पाकीट भेट द्या, त्याला हरकत नाही.

प्रवासाची माहिती व्हिसाच्या पत्रात भरू नका, ती वेगळ्या कागदावर द्या. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री निघते आणि सकाळी सांगली-मिरजेत येते, पुण्याहून गाडीने साडेचार-पाच तास, एवढं पुरे. गाडी पाठवणार असाल तर चालकाचा नंबर आदल्या दिवशी द्या आणि चालकाला पाहुण्याचं नाव इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहिलेला पुठ्ठा.

जावक रजिस्टरात किती व्हिसा-पत्रं निघाली ते वेगळं लिहून ठेवा. परिषद जाहीर झाली की कुठून कुठून मेल येतात: “आम्ही आठ जण येतोय, पत्र पाठवा.” निबंध नाही, नोंदणी नाही, फक्त पत्र हवं. निबंध स्वीकारला गेलाय आणि शुल्क भरलंय, अशांनाच पत्र द्या आणि त्यांची नावं मंजुरीच्या यादीशी जुळवून बघा. सही प्राचार्यांची असते. पत्रावर आलेला माणूस परिषदेला न येता भलतीकडे गेला तर विचारणा त्यांच्याकडेच होईल, म्हणून परिषद संपल्यावर कोण आलं आणि कोण नाही याची यादी त्याच रजिस्टरात लावून टाका.

मसुदा तयार झाला की मला पाठवा, नावाच्या ओळी मी पासपोर्टशी ताडून देतो.